आमची वाटचाल : पोटाचा उभार आणि ड्रेसच्या पट्ट्या

आम्ही सुरुवात केली ती साध्या पोर्ट्रेट रिटचिंगने. चेहऱ्यावरचे डाग काढणं, विस्कटलेले केस नीट करणं, पार्श्वभूमी बदलणं, एवढंच काम होतं. मग गरोदरपणातले कपडे विकणारा एक ग्राहक आला आणि आमच्या कामाची दिशाच बदलली. त्याची अडचण खरी होती. आठव्या महिन्यातल्या बाईला दिवसभर उभं करून एकामागून एक ड्रेस घालायला लावणं बरोबर नाही. आणि उरलेले कपडे महिन्याभराने शूट करू म्हटलं, तर तोवर पोटाचा आकार बदललेला असतो. म्हणून त्याने एका मॉडेलचे घट्ट बनियनमधले फोटो दिले, पुतळ्यावर घातलेल्या ड्रेसचे फोटो वेगळे दिले आणि विचारलं, "हे तिच्या अंगावर बसवून द्याल का?"

आज आमच्याकडे येणारं बहुतेक काम याच प्रकारचं असतं. नव्याने येणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्याला मी पहिल्यांदा ड्रेसकडे नव्हे, शरीराकडे बघायला सांगते. गरोदरपणात फक्त पोट पुढे येत नाही. कमरेची खोबण बुजते, पाठीचा खालचा बाक वाढतो, तोल सांभाळायला खांदे थोडे मागे जातात, छाती भरते. सपाट पोटाच्या पुतळ्यावरचा ड्रेस मधोमध नुसता फुगवला, तर कमर पूर्वीसारखी बारीकच राहते आणि कपड्याखाली उशी ठेवल्यासारखं दिसतं. म्हणून आम्ही आधी बनियनवरच्या फोटोवर वेगळ्या लेयरमध्ये रेषा काढतो. छातीखालची रेषा, पोटाचा सर्वात पुढे आलेला बिंदू, पोट जिथे खाली वळतं ती जागा आणि दोन्ही बाजूंच्या शिवणी. पुढचं सगळं काम या रेषांना धरून होतं.

सगळ्यात जास्त शिकवलं ते आडव्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या होजिअरी ड्रेसने. साध्या रंगाच्या कापडात बरंच काही लपून जातं, पण पट्टी आकार उघडा पाडते. मॉडेल थोडी तिरकी उभी होती, डावा हात पोटावर, कॅमेरा साधारण छातीच्या उंचीला. अशा फोटोत पोटाच्या टोकावरचं कापड कॅमेऱ्यासमोर येतं, म्हणून तिथे पट्ट्या सर्वात रुंद दिसायला हव्यात. टोकाच्या वर कापड उतरतं असतं, तिथे त्या थोड्या अरुंद होतात. टोकाखाली कापड आत वळतं, तिथे त्या दाटतात आणि सावलीतही जातात. शिवाय पोट कॅमेऱ्याच्या पातळीखाली असल्याने पट्ट्यांचा मधला भाग खाली झुकलेला दिसतो. सगळीकडे सारख्याच रुंदीच्या पट्ट्या ठेवल्या, तर कडेची रेषा कितीही गोल असली तरी पोट सपाट वाटतं.

यात शिवणकामही कळावं लागतं. साधा ड्रेस मोठ्या पोटावर चढवला, तर पुढचं कापड पोटावरून जाण्यात खर्ची पडतं आणि खालची कड पुढून वर उचलली जाते. गरोदरपणासाठी शिवलेल्या ड्रेसमध्ये पुढचा भाग मागच्यापेक्षा लांब ठेवतात आणि ते जास्तीचं कापड बाजूच्या शिवणीत चुण्या घालून सामावतात, म्हणून कड सरळ राहते. सपाट पुतळ्यावर त्या चुण्या सैल, लोंबलेल्या दिसतात. आमच्या फोटोत त्या पोटाच्या दिशेने ताणलेल्या, शिवणीपाशी दाट आणि पुढे विरत जाणाऱ्या दिसायला हव्या होत्या. त्या तशा केल्या आणि ड्रेस तिचा वाटू लागला.

प्रत्यक्ष काम फोटोशॉपमध्येच होतं. ड्रेस कापून त्याचा स्मार्ट ऑब्जेक्ट, म्हणजे मूळ चित्र न बिघडवता पुन्हा बदलता येणारा लेयर, केला, त्यावर आत एक बारीक जाळी टाकली आणि चित्र ओढून-वाकवणाऱ्या वार्पने तो काढलेल्या रेषांवर बसवला. जाळीमुळे कुठे ताण जास्त पडला ते लगेच कळतं. एखादा चौकोन शेजारच्यापेक्षा दुप्पट झाला असेल, तर तिथे विणीचे टाके मोठे दिसणारच. होजिअरीत थोडा ताण खपतो, कारण ते कापड खरोखरच ताणलं जातं. सुती छापील कापडाचं तसं नाही. त्यावरचं फूल पोटावर मोठं होत नाही, तिथे फक्त जास्त कापड येतं. म्हणून अशा ड्रेसवर आम्ही नक्षी ताणत नाही, त्याच ड्रेसच्या बाजूच्या भागातून तुकडे आणून जोडतो. वेळ बराच जातो, पण दुसरा मार्ग मला पटत नाही.

अनेकजण या कामासाठी थेट डिस्प्लेसमेंट मॅपकडे, म्हणजे मॉडेलच्याच फोटोपासून केलेल्या राखाडी चित्राकडे वळतात. `Filter > Distort > Displace` हा फिल्टर त्यातल्या राखाडी छटांनुसार पिक्सेल सरकवतो. १२८ ही मधली छटा असेल तर काहीच हलत नाही, त्यापेक्षा गडद आणि फिक्या छटा विरुद्ध दिशांना ढकलतात. पण त्याला पोटाचा आकार कळत नाही, उजेड-सावली कळते. एका बाजूने प्रकाश असेल तर तो पोटाचा उजेडातला अर्धा भाग एकीकडे आणि सावलीतला दुसरीकडे ओढतो. म्हणून मोठा आकार वार्पनेच द्यायचा. डिस्प्लेस आम्ही काखेजवळच्या आणि बोटांखालच्या बारीक वळ्यांपुरता, तोही मॅप थोडा ब्लर करून वापरतो.

मग सावल्या. पुतळ्यावरच्या ड्रेसला त्याच्या स्वतःच्या सावल्या असतात आणि त्या सपाट पोटाच्या असतात. पट्ट्यांच्या कापडावर त्या ब्लर करून वेगळ्या काढता येत नाहीत, कारण ब्लर केलं की निळा आणि पांढरा रंगच एकमेकांत मिसळतो. तिथे उजेड कमी-जास्त करणारे कर्व्ह्जचे लेयर घेऊन, हाताने मास्क रंगवून एकेक सावली उजळावी लागते. त्यानंतर बनियनचा भाग रंगहीन करून, लेव्हल्सने त्याचा सर्वात उजळ भाग पांढरा करून, खालचा रंग फक्त गडद करणाऱ्या मल्टिप्लाय मोडमध्ये ड्रेसच्या वर ठेवला, की त्या फोटोतला खरा प्रकाश कापडावर उतरतो. बनियनच्या स्वतःच्या सुरकुत्या मात्र आधी काढून टाकायच्या, नाहीतर नव्या ड्रेसवर जुन्या कपड्याच्या घड्या दिसतात.

हाताकडे तर मी स्वतः बघते. पोटावर हात टेकला की बोटांलगत कापड किंचित दबतं, पट्टी तिथे वाकते, आणि हाताच्या कडेला एक बारीक गडद रेघ व तिच्याबाहेर पसरट मऊ सावली पडते. दोन्ही नसतील तर हात हवेत तरंगतो. फोटो उलटा करून किंवा लहान करून पाहिला की असे दोष चटकन दिसतात.

काही ग्राहक पोट आणखी मोठं करून मागतात. ते काम आम्ही घेत नाही. कपडा त्या आकाराच्या बाईला कसा बसेल हे दाखवायचं आहे, आणि आकारच बदलला तर घेणारीची फसवणूक होते. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातीतल्या मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड केलं असेल तर फोटो रिटच केल्याचं लिहावं लागतं, हेही आम्ही ग्राहकांना सांगतो.

आता शूट होण्याआधीच आम्ही ग्राहकाशी बोलतो. बनियन फिक्या राखाडी रंगाचं हवं, कारण पांढऱ्यात उजळ भाग उडून जातात आणि काळ्यात सावल्या वाचता येत नाहीत. पुतळ्याचा फोटो त्याच उंचीवरून, त्याच कोनातून आणि प्रकाश त्याच बाजूने ठेवून काढायचा. आणि शक्य असेल तर पुतळ्याला पोटाची गादी बांधायची, म्हणजे चुण्या आधीच योग्य दिशेने ताणल्या जातात आणि आमचं अर्धं काम कॅमेऱ्यासमोरच होऊन जातं.