दुसरा पेपर कोणी वाचलाच नाही

"दादा, पेपर एक निघाला तरच पेपर दोन तपासतात ना? मग निबंध आणि प्रेसीवर आत्तापासून वेळ कशाला घालवायचा?"

तपासतात नंतर, पण लिहायचा त्याच दिवशी असतो. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता समोरचा मान डोलावतो आणि पुन्हा सामान्य ज्ञानाचं पुस्तक उघडतो. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो, माझं काय झालं त्यासकट.

मी बोलतोय ते केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या, म्हणजे सीएपीएफच्या, असिस्टंट कमांडंट परीक्षेबद्दल, कारण ती मी दोनदा दिली. सकाळी 10 ते 12 पेपर एक, 125 प्रश्न, 250 गुण. दुपारी 2 ते 5 पेपर दोन, 200 गुण: 80 निबंधांचे, 120 उतारा, प्रेसी म्हणजे उताऱ्याचं एक तृतीयांश शब्दांतलं सार, अहवाल, बाजूने-विरोधात मुद्दे, व्याकरण यांचे. निबंध इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येतात, बाकीचा भाग इंग्रजीतच. मधे फक्त दोन तास. बँकेच्या पीओ परीक्षेत तर तेवढेही नाहीत. वस्तुनिष्ठ भाग संपला की त्याच बैठकीत वर्णनात्मक भाग टाइप करायचा. 'पेपर एक निघाल्यावर बघू' असं म्हणायला मधे जागाच नसते.

आणि तरी पहिल्या वर्षी मी तेच म्हटलं. माझा हिशोब असा होता: जो पेपर कदाचित उघडलाही जाणार नाही त्याच्यावर चार महिने घालवण्यापेक्षा जो नक्की तपासला जाणार त्याच्यावर घालवावेत. हा हिशोब मला आजही पूर्ण मूर्खपणाचा वाटत नाही. पेपर एकमध्ये पडलात तर तुमचं इंग्रजी कितीही चांगलं असो, काही उपयोग नाही. त्या वयाच्या माझ्यासमोर आज बसलो, तर तो मला गप्प करेल अशी भीती वाटते.

फक्त त्याला एक गोष्ट माहीत नव्हती. अंतिम गुणवत्ता यादीत पेपर एकचे 250, पेपर दोनचे 200 आणि मुलाखतीचे 150, अशी 600 ची बेरीज असते. पेपर दोन नुसता पास व्हायचा पेपर नाही. तिथे कमावलेला प्रत्येक गुण यादीत तुम्हाला वर ढकलतो. मी नियम अर्धाच वाचला होता. 'तपासला जाणार नाही' एवढंच डोक्यात राहिलं, 'तपासला गेला तर मोजला जाईल' हे नाही.

पहिल्या वर्षी पेपर दोनला मी चार निबंधांवर जवळजवळ दोन तास घालवले. तीन तासांत 200 गुण, म्हणजे 80 गुणांच्या निबंधांना 72 मिनिटं, एकेका निबंधाला 18. हा भागाकार मी घरी कधी केलाच नव्हता. पहिला निबंध रंगला, दुसऱ्यात उदाहरणं सुचत गेली, आणि प्रेसीपर्यंत पोचलो तेव्हा हात दुखत होता आणि मी उताऱ्यातली वाक्यं उचलून लिहीत होतो.

ही चूक जवळून दाखवतो, कारण तुमच्या वह्यांमध्ये मला तीच दिसते. परीक्षेत हे इंग्रजीत असतं, इथे कळावं म्हणून मराठीत मी रचलेला 48 शब्दांचा उतारा घ्या:

"विहिरी खोल गेल्या की पाणी वाढेल असं गावकऱ्यांना वाटलं. एकाने 60 फूट खणलं, दुसऱ्याने 80, तिसऱ्याने तर 100च्या पुढे बोअर मारलं. सुरुवातीला पाणी लागलंही. पण सगळ्यांचं पाणी एकाच साठ्यातून येत होतं, त्यामुळे जो तो जितका खोल गेला तितका शेजाऱ्याचा झरा आटला आणि शेवटी सगळ्यांनाच टँकरची वाट पाहावी लागली."

एक तृतीयांश म्हणजे 16 शब्द. मी त्या वर्षी जे केलं ते असं: "गावकऱ्यांना वाटलं विहिरी खोल गेल्या की पाणी वाढेल. एकाने 60 फूट खणलं, दुसऱ्याने 80. सुरुवातीला पाणी लागलं." शब्दसंख्या जवळपास बरोबर, एकही वाक्य खोटं नाही, आणि अर्थ नेमका उलटा. वाचणाऱ्याला वाटेल विहीर खोल खणली की पाणी लागतं. उताऱ्याचा जीव 'पण'नंतर आहे, आणि वरून वाक्यं उचलत आलं की शब्द 'पण'च्या आधीच संपतात.

तोच उतारा असा व्हायला हवा: "चढाओढीने खोल खणलेल्या विहिरींना आरंभी पाणी लागलं, पण साठा सामाईक असल्याने अखेरीस अख्खं गावच कोरडं पडलं." मोजून 16. 60, 80, 100 हे तिन्ही आकडे 'चढाओढीने' या एका शब्दात गेले. टँकर 'कोरडं पडलं'मध्ये गेला. 'साठा सामाईक' हे कारण मात्र जाऊ दिलं नाही, कारण ते काढलं तर गाव का कोरडं पडलं ते कळत नाही. हे करायला आधी पूर्ण उतारा वाचून, पुस्तक झाकून, तो एका वाक्यात स्वतःला सांगता यायला हवा. उतारा समोर ठेवून पेन चालवलं की हात वाक्यं उचलतोच. ही सवय वाचून लागत नाही, रोज एक लिहून दोन-तीन महिन्यांत लागते. म्हणून आत्तापासून.

आता ते वर्ष. लेखी परीक्षेचा निकाल लागला तेव्हा यादीत माझा नंबर नव्हता. त्या यादीत फक्त नंबर असतात. कुठला पेपर गेला, पेपर दोन तपासला गेला की नाही, काही कळत नाही. गुण दिसतात ते शारीरिक चाचणी, वैद्यकीय, मुलाखती सगळं होऊन अंतिम निकाल लागल्यावर. तोवर पुढच्या वर्षीची परीक्षा तोंडावर आलेली असते.

मी धरून चाललो की पेपर एक गेला. का, तर सगळ्यांचा तोच जातो असं सगळे म्हणायचे. अख्खं वर्ष मी इतिहास, भूगोल, चालू घडामोडी यांत घातलं. पहाटे पाचला अभ्यासिकेत माझ्या टेबलावरचा दिवा पहिला लागायचा. निबंधाची वही शिवलीसुद्धा नाही.

परीक्षेला पंधरा दिवस राहिले असताना गुण लागले. अभ्यासिकेच्या जिन्यात उभं राहून मोबाइलवर बघितले. पेपर एकचे गुण माझ्या अंदाजापेक्षा बरेच जास्त होते. आणि त्याखाली पेपर दोनचे गुणही होते. म्हणजे माझी उत्तरपत्रिका उघडली गेली होती. कोणीतरी माझे ते चार निबंध वाचले होते, ते उचललेल्या वाक्यांचं प्रेसी वाचलं होतं, आणि त्याला जेवढे गुण द्यायचे तेवढे दिले होते. बेरीज तिथेच बसली होती. वर्षभर मी जे दार ठोठावत होतो ते उघडंच होतं, आणि बंद होतं त्या दाराकडे मी पाठ करून बसलो होतो.

जिन्यावरून वर जायला मला बराच वेळ लागला. वर गेलो आणि सामान्य ज्ञानाची सगळी पुस्तकं बाजूला सारली. पुढचे पंधरा दिवस रोज दोन निबंध, 18 मिनिटांचा गजर लावून, आणि तीन प्रेसी. मित्र म्हणाला, आता उजळणीचे दिवस आहेत, हे काय करतोयस. मी त्याच्यावर ओरडलो. त्याचं बरोबर होतं की माझं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

परीक्षा मुंबईत. सकाळी पेपर एकला बसलो आणि हात आखडला. चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात, म्हणजे दोन गुणांच्या प्रश्नाला साधारण 0.66. गेल्या वर्षी पेपर एक आरामात निघाला होता, मग या वर्षी धोका कशाला, जेवढं पक्कं येतं तेवढंच सोडवू, असं मी ठरवून गेलो होतो. ज्या प्रश्नात चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद होत होते, तेही मी कोरे सोडले. उरलेल्या दोनातला एक निवडला तर निम्म्या वेळा +2 आणि निम्म्या वेळा -0.66. ते सोडणं म्हणजे हातचे गुण टाकणं. हे गणित मला येत होतं. तरी सोडले.

बारा वाजता बाहेर आलो. शाळेच्या भिंतीलगत मुलं घोळक्याने बसून उत्तरं पडताळत होती. माझ्या शेजारी एक जण प्रश्नपत्रिकेवर खुणा करत मोठ्याने वाचत होता, आणि मी सोडलेले प्रश्न एकामागून एक येत होते. त्यातल्या कितीतरींचं उत्तर माझ्या उरलेल्या दोन पर्यायांपैकी मला जास्त बरं वाटलेलंच होतं. मी वडापाव हातात धरून ऐकत राहिलो. तिथून उठून जायला हवं होतं. पुढच्यांना हे एक तरी ऐका: त्या दोन तासांत कोणाचीही उत्तरं ऐकू नका, कारण दोन वाजता तुम्हाला चार निबंध लिहायचेत.

दोन वाजता बसलो तेव्हा मला आतून कळलं होतं की हा पेपर बहुधा उघडला जाणार नाही. आणि तो मी आयुष्यातला सगळ्यात चांगला लिहिला. चार निबंध 70 मिनिटांत संपले. प्रेसी आधी प्रश्नपत्रिका पालथी घालून मनात सांगितलं, मग लिहिलं, शब्द मोजले, दोन खोडले. शेवटी पाच मिनिटं हातात राहिली.

निकालात नंबर नाही. पुढच्या वर्षी गुण लागले तेव्हा पेपर एकसमोर आकडा होता, पेपर दोनचे गुण नव्हते. वय तोवर उलटून गेलं होतं.

तुम्ही म्हणाल, बघा, म्हणजे आमचंच बरोबर, पेपर एकच महत्त्वाचा. पहिल्या वर्षाचा मी तुम्हाला उलटं सांगेल. दोन्ही वर्षांचा मिळून काय निष्कर्ष निघतो ते मला विचारू नका. शेवटच्या पंधरा दिवसांत मी दुसऱ्या पेपरला लागलो नसतो, तर पहिल्याला हात आखडला नसता का? कधी वाटतं, नसता. कधी वाटतं, ते पंधरा दिवस चुकीचे नव्हते, त्याआधीचं कोरं वर्ष चुकीचं होतं.

परवा अभ्यासिकेतली एक मुलगी वही घेऊन आली. पेपर एकचा तिचा सराव बरा चाललाय. तिने प्रेसी लिहिलं होतं आणि 'पण'नंतरचं सगळं तिसऱ्या ओळीत आणलं होतं. दोन शब्द जास्त होते, ते मी लाल पेनाने खोडले. तिने विचारलं, "दादा, हा पेपर उघडतील ना?" मला माहीत नाही, असं मी तिला सांगितलं, आणि उद्यासाठी दुसरा उतारा दिला.