तुम्ही विचारलंत म्हणून: वर्षाची चटणी आणि साठ घरं

"सर, चटणी तर सगळेच खातात. मग मी ठराविक लोकांनाच का विकायची? गिऱ्हाइकं कमी करून धंदा वाढतो कसा?"

ताई, फोनवर तुम्हाला अर्धवटच उत्तर दिलं, तेव्हा मी गाडीत होतो. आणि हा प्रश्न मला बेळगावात, चिकोडीत, खानापुरात नवीन धंदा काढलेला दर दुसरा माणूस विचारतो, म्हणून निवांत बसून लिहितोय. बारा वर्षं ब्रँडचं काम करतोय, पण तुमची वही बघितली तेव्हा मला हे जितकं स्पष्ट दिसलं तितकं आधी कधी दिसलं नव्हतं, त्यामुळे तुमच्याच वहीवरून सांगतो.

पहिली गोष्ट, तुमच्या चटणीचं काय झालं ते बघा. निपाणीत तुमच्या सासूबाई करायच्या ती चटणी म्हणजे दोन वाटे संकेश्वरी मिरची, एक वाटा ब्याडगी. संकेश्वरीनं झणका, ब्याडगीनं रंग. कांदा पार कोरडा होईपर्यंत तळलेला, लसूण, सुकं खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला, आणि सगळं कांडपावर कुटलेलं. ती मी खाल्लीय, तोंडाला चव राहते. मग गोव्याच्या हॉटेलवाल्यानं सांगितलं तिखट कमी करा, तुम्ही ब्याडगी वाढवली. ऑनलाईन घेणाऱ्या कुणीतरी लिहिलं लसणाचा वास फार येतोय, लसूण कमी झाला. बेंगळूरच्या एका दुकानदाराला लहान मुलांच्या डब्यात चालेल असं काहीतरी पाहिजे होतं, म्हणून तिसरा प्रकार निघाला. दीड वर्षात पाच प्रकार, पाकिटावर चार भाषा, आणि निपाणीतल्याच तुमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या की आता चटणीत पहिल्यासारखा दम नाही. यातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाची मागणी त्याच्यापुरती बरोबर होती. पण सगळ्यांचं ऐकून जी चटणी तयार झाली ती कुणाच्याच घरची राहिली नाही, बाजारात मिळतेच तशी झाली, आणि तशी चटणी मोठ्या कंपन्या तुमच्यापेक्षा स्वस्तात देतात.

आता वही. मागच्या वर्षी जाहिरातीवर 48,000 रुपये गेले आणि 400 नवीन गिऱ्हाइकं आली, म्हणजे एका माणसाला आणायला 120 रुपये. त्यानं घेतलं काय, तर 200 ग्रॅमचं एक पाकीट, 150 रुपयांचं. माल, पाऊच, लेबल धरून तुमचा खर्च 100, कुरिअर फुकट म्हणून जाहीर केलेलं त्याचे 50. म्हणजे पाकीट गेलं तेव्हा हातात शून्य आणि आधीचे 120 अंगावर. तुम्ही म्हणालात की परत घेतील तेव्हा वसूल होईल, पण फुकट कुरिअरमध्ये दुसऱ्या पाकिटालाही शून्यच येतं ओ, तिसऱ्यालाही. समजा कुरिअर त्यांच्याकडून घेतलं, तर पाकिटामागं 50 सुटतात आणि 120 भरून यायला माणसानं तीन पाकिटं घ्यायला पाहिजेत. चारशेपैकी दुसऱ्यांदा आली किती? 31.

किराणा दुकानांचं थोडक्यात सांगतो कारण ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. 35 दुकानं, 62,000 उधारी अडकलेली, आणि दारात उन्हात लटकून रंग उडालेली पाकिटं परत आलेली.

आणि मग वहीच्या शेवटच्या चार पानांवर ती साठ घरं, ज्यांना तुम्ही गिऱ्हाईक मोजलंच नव्हतं, "ओळखीचे" असं वर लिहून ठेवलेलं. निपाणी, संकेश्वर, हुक्केरी, गडहिंग्लज या बाजूची माणसं, आता पुण्यात राहणारी. पिढ्यान् पिढ्या मार्च ते मेच्या दरम्यान यांच्या घरी वर्षाची चटणी व्हायची, बरणीत हिंगाचे खडे घालून ठेवायची. आता आईचा गुडघा धरलाय, नाहीतर आई राहिली नाही, आणि पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मिरची भाजली तर शेजारी भांडायला येतात. ही घरं 200 ग्रॅम मागत नाहीत, तीन किलो मागतात, एकदाच, पावसाच्या आधी. 700 रुपये किलोनं 2,100 झाले, त्यातला तुमचा खर्च 1,350. हायवेवरून रात्रीच्या ट्रॅव्हल्सला पार्सल टाकलं की रिक्षा धरून शंभरभर. एका घरामागं 650 रुपये सुटले, जाहिरात शून्य. साठपैकी 46 घरांनी यंदा स्वतःहून फोन करून विचारलं, आणि त्यांनीच 38 नवीन नावं दिली.

या 38 नावांवर माझा सगळा सल्ला उभा आहे, म्हणून तेवढं नीट समजून घ्या. चारशे ऑनलाईनवाले एकमेकांना ओळखत नाहीत. एक इंदूरला, एक ठाण्याला, एक हुबळीला. त्यातल्या एखाद्याला चटणी भयंकर आवडली तरी तो ज्याला सांगेल त्याला ही चटणी काय असते तेच माहीत नसतं, म्हणजे पुढच्या माणसासाठी तुम्हाला परत 120 रुपये मोजायला लागतात. साठ घरांचं तसं नाही. ती लग्नात भेटतात, गावच्या जत्रेला भेटतात, एकीच्या घरी जेवायला गेल्यावर दुसरी विचारते की ही चटणी कुठली, अगदी आमच्या आईच्या हातची लागतेय. त्या एका वाक्याला जे वजन आहे ते कुठल्या जाहिरातीला नाही. तुमच्याकडं पैसे थोडे आहेत आणि थोड्या पैशात बोलाचाल पसरवायची तर ती एकमेकांत उठबस असलेल्या माणसांतच पसरते.

इथं एक चूक मी स्वतः केलेली सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. काही वर्षांपूर्वी एका लोणच्यावाल्यांना मी गिऱ्हाईक आखून दिलं होतं, "25 ते 40 वयाच्या शहरात नोकरी करणाऱ्या बायका". कागदावर छान दिसत होतं आणि सहा महिने त्यातून काही निघालं नाही, कारण वय सारखं म्हणून गरज सारखी होत नाही, आणि या बायकांना लोणचं एकाच वेळी, एकाच कारणानं लागत होतं असंही नव्हतं. त्यांचे पैसे वाया गेले याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून मी वय, पगार, शहर यांवरून सुरुवात करत नाही. घरात कोणती वेळ आली की हा माल लागतो, हे आधी विचारतो. तुमच्या बाबतीत ती वेळ म्हणजे एप्रिल उजाडलाय, बरणी रिकामी आहे आणि घरात करणारं कुणी नाही. ही वेळ ज्या घरात येते ते तुमचं घर. ते मराठीच पाहिजे असंही नाही, गोकाक-हुक्केरीकडच्या कन्नड घरांत यालाच मसाले खारा म्हणतात आणि त्यांचीही पोरं पुण्या-बेंगळूरला आहेत.

आता यंदा काय करायचं. एकच चटणी, सासूबाईंची, दोनास एक. बाकीचे चार प्रकार बंद. एक किलो आणि तीन किलोचं पॅकिंग, आतून जाड पिशवी, बाहेरून उजेड न लागणारं खोकं. लेबलवर कायद्यानं लागतं ते इंग्रजीत राहू दे, बाकी मजकूर मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही मोठ्या अक्षरात. संक्रांतीपासून होळीपर्यंत बुकिंग, निम्मे पैसे आगाऊ. दोनशे घरं तीन-तीन किलोनं धरली तर 600 किलो आणि 4,20,000 रुपये, म्हणजे मिरची घ्यायला बाजारात जायच्या आधीच 2,10,000 तुमच्या हातात, पतसंस्थेच्या दारात जायला नको. माल किती करायचा हेही आधीच कळतं, उरत नाही. कांदा ओला राहिला तर मात्र तीन किलोच्या बरणीत बुरशी येणार आणि ते घर नातेवाइकांसकट जाणार, कारण बोलाचाल वाईट गोष्टीचीही तेवढ्याच वेगानं होते. म्हणून प्रत्येक घाण्यातली एक बाटली तारीख घालून तुमच्याकडं ठेवा आणि पावसाळ्यात उघडून बघत राहा.

तुमच्या मिस्टरांची भीती मला कळते, की चालू दुकानं सोडायची म्हणजे आलेली लक्ष्मी परत पाठवायची. दारात येऊन कुणी अर्धा किलो मागितली तर द्या की, नाही कोण म्हणतंय. फक्त त्याच्यासाठी पैसा, वेळ आणि चव खर्च करू नका. उधारी वसूल करा, नवीन पाकिटं ठेवू नका, रोख देणारी चार-पाच दुकानं राहू देत.

आणि मोठ्या कंपन्या उलटं करतात हे तुमचं म्हणणं खरं आहे. त्यांना सगळ्यांपर्यंत जाणं परवडतं कारण प्रत्येक दुकानाच्या फळीवर त्यांचा माल आधीच आहे, वर्षातून एकदा घेणाऱ्याच्या डोळ्यासमोरसुद्धा ते असतात. त्यांच्याएवढी फळी तुमच्याकडं आली की माझा सल्ला बदलेल.

माझं चुकू शकतं, ते असं ओळखायचं. होळीपर्यंत 80 घरांचंही बुकिंग झालं नाही तर आपण आखलेलं वर्तुळ फार लहान आहे किंवा चुकीचं आहे. तसं झालं तरी परत "सगळ्यांना" वर जायचं नाही, लगतचं वर्तुळ घ्यायचं, म्हणजे बेळगाव शहरातलीच टिळकवाडी, शहापूर, अनगोळकडची घरं जिथं दोघंही नोकरीला आहेत आणि कांडपावर जायला सुट्टी मिळत नाही. त्यांना ही चव माहीत आहे, समजावून सांगायला लागत नाही.

या रविवारी वही घेऊन बसा आणि मागच्या वर्षीच्या साठही घरांना स्वतः फोन करा, मेसेज नको. 46 जणांना एवढंच विचारा की यंदा किती किलो धरू आणि मे महिन्यात गावाकडं येणार आहात का, म्हणजे तेवढं पार्सल वाचेल. जी 14 घरं परत आली नाहीत त्यांना जास्त वेळ द्या. चटणी संपली का, उरली का, आई परत करायला लागली का, की दुसऱ्या कुणाकडून घेतली, जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढा आणि मला पाठवा, लेबलवर काय लिहायचं ते आपण त्यातूनच काढू.