ऑफर लेटरमधले 43,968 रुपये

मार्च 2025 मध्ये ऑफर लेटर आलं तेव्हा मी राळेगावजवळच्या आमच्या गावीच होतो. काम शेतीनिविष्ठांच्या कंपनीत, हुद्दा एरिया मॅनेजरचा, फिरती राळेगाव, पांढरकवडा, मारेगाव. घरी राहूनच नोकरी, त्यामुळे घरचे खूश. आकडा होता वर्षाला 14,40,000. बाबांनी बाराने भागून "महिन्याले एक लाख वीस हजार" असं अख्ख्या गल्लीला सांगूनही टाकलं.

रात्री मी वहीत मांडणी केली. बेसिक 60,000, घरभाडे भत्ता 24,000, वाहन भत्ता 6,000, विशेष भत्ता 19,914. उरलेले दोन आकडे हातात येणारेच नव्हते. कंपनीचा पीएफ 7,200 आणि ग्रॅच्युइटीपोटी 2,886. म्हणजे खरा पगार महिन्याला 1,09,914. त्यातून माझा पीएफ 7,200, व्यवसाय कर 200 आणि टीडीएस जाणार.

टीडीएस किती, इथे मी अडलो. वर्षाचा पगार 13,18,968. नव्या कर पद्धतीतली 75,000 ची प्रमाणित वजावट काढली की करपात्र उत्पन्न 12,43,968. बारा लाखांपर्यंत कर शून्य, हे त्या फेब्रुवारीच्या बजेटनंतर चहाच्या टपरीवरही सगळ्यांना पाठ झालं होतं. मला वाटलं, वरच्या 43,968 वर 15 टक्के, म्हणजे साडेसहा हजार. किरकोळ.

नागपूरला एका सीएकडे काम करणाऱ्या चुलतभावाला वहीचा फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला. "अबे, तसं नसते. बारा लाख ओलांडले का सूट पुरी जाते. मंग पहिल्यापासून सारा स्लॅब लागते."

स्लॅबने माझा कर 66,595 होत होता. पण बारा लाखांच्या जरा वर असलेल्यांसाठी एक सवलत आहे. बारा लाखांच्या वर जितकं उत्पन्न, त्यापेक्षा जास्त कर घ्यायचा नाही. म्हणून कर 43,968, त्यावर 4 टक्के सेस, एकूण 45,727. नीट पाहिलं तर ही सवलत म्हणजे गंमतच आहे. बारा लाखांच्या वरचा प्रत्येक रुपया कर म्हणून जातो आणि वरून चार पैसे खिशातून द्यावे लागतात. हा पट्टा साधारण 12,70,588 पर्यंत चालतो. त्याच्या पुढे मात्र नेहमीचा 15 टक्क्यांचा दर लागतो. मी बरोबर त्या पट्ट्याच्या मधोमध अडकलो होतो.

म्हणजे ते 43,968 रुपये करपात्र रकमेतून बाहेर काढले, तर वर्षाला 45,727 वाचणार होते.

घरभाडे भत्त्याचा उपयोग शून्य. नव्या पद्धतीत त्याला सूट नाही, आणि तसाही मी बाबांच्याच घरात राहतो. वाहन भत्ताही दर महिन्याला ठोक मिळणारा, बिल न मागता दिलेला, म्हणून एचआरने तो करपात्र धरला होता. पण तोच पैसा 'भत्ता' न राहता बिलावर मिळणारा परतावा झाला की हिशेब फिरतो. स्वतःच्या मोटरसायकलचा पेट्रोल-दुरुस्तीचा खर्च कंपनीने भरून दिला आणि गाडी कामाला व घराला दोन्हीकडे वापरली, तर एरवी महिन्याला फक्त 900 रुपये करातून सुटतात. पण कामाच्या फेऱ्यांची नोंद आणि कंपनीचा दाखला असला, तर कामाचा पूर्ण खर्च सुटतो, फक्त घरच्या वापराचा करपात्र धरतात. फोन आणि इंटरनेटच्या बिलाचा परतावाही करात येत नाही.

एचआरच्या मॅडमना फोन केला. आधी विचारलं की फिरतीचा खर्च सीटीसीच्या बाहेर, म्हणजे या 14,40,000 च्या वर द्याल का. कंपनीच्या कामाचं पेट्रोल माझ्याच पगारात मोजणं मला आजही पटत नाही. त्या म्हणाल्या, "सर, ते पॉलिसीत नाही. पण आतल्या आत बदल करता येईल, जॉइन व्हायच्या आधी कळवा." मग वाहन भत्ता रद्द करून 4,000 वाहन परतावा, त्यातले 3,100 कामाचे आणि 900 घरच्या वापराचे, शिवाय 1,000 फोन-इंटरनेट परतावा, आणि उरलेले 1,000 विशेष भत्त्यात, असं ठरवलं. परताव्याचा आकडा मुद्दाम माझ्या खऱ्या खर्चाइतकाच ठेवला. जास्त लिहून खोटी बिलं जमवायची मला हौस नाही.

करातून महिन्याला 3,100 आणि 1,000 सुटले, वर्षाचे 49,200. करपात्र उत्पन्न 11,94,768. कर शून्य.

एवढ्यात चुलतभावाच्या हापिसातल्या एकाचा सल्ला आला, जो सगळेच देतात. कंपनीचा पीएफ कायद्याच्या किमान 1,800 वर आण, हातात जास्त येईल. तसं केलं तर कंपनीच्या वाट्यातले महिन्याला 5,400, म्हणजे वर्षाचे 64,800, विशेष भत्त्यात येणार. पण मग करपात्र उत्पन्न 12,59,568 होतं आणि सेससह कर 61,951. चौसष्ट हजार आठशे येणार आणि त्यातले जवळपास बासष्ट हजार जाणार! माझा स्वतःचा वाटा कमी झाला असता तर हातात वाढ दिसली असती, पण ती माझ्याच बचतीतून काढलेली. पीएफ होता तसाच ठेवला.

आता धास्ती एवढीच की बारा लाखांच्या रेषेला जेमतेम 5,232 रुपये बाकी होते. माझी गावातल्या पतसंस्थेत एक ठेव आहे, तिचं व्याज सात हजारांच्या आसपास. तेही उत्पन्नातच धरलं जातं, आणि ते मी पहिल्या रात्री साफ विसरलो होतो. म्हणून विशेष भत्त्यातले महिन्याला 1,000 कंपनीच्या वाट्याने एनपीएस या पेन्शन योजनेत वळवले. बेसिकच्या 14 टक्क्यांपर्यंतचा कंपनीचा वाटा नव्या पद्धतीतही वजा होतो. पैसा निवृत्तीपर्यंत अडकतो, हे मान्य. (शेती बाबांच्या नावावर आहे. माझ्या नावावर असती तर वेगळं गणित करावं लागलं असतं. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी दर ठरवताना ते जोडून धरतात.)

हा 1,000 चा विचार किती कामी आला ते पुढे कळलं. एप्रिलची पेट्रोलची बिलं भरली तर परत आली. कारण आरसीवर मालक म्हणून बाबांचं नाव! परतावा कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या गाडीसाठीच. फॉर्म 29, फॉर्म 30, यवतमाळच्या आरटीओच्या दोन फेऱ्या, आणि नाव बदलेपर्यंत मे संपला. दोन महिन्यांचा परतावा पूर्ण करपात्र पगारात गेला, म्हणजे आधी धरलेल्यापेक्षा 6,200 रुपये जास्त. एनपीएस नसतं तर व्याज न धरताच मी बारा लाखांच्या पलीकडे गेलो असतो. आता व्याजासह 11,95,968 वर थांबलो.

दुसरी अडचण पंपाच्या बिलांची. तो कागद दोन महिन्यांत कोरा होतो. जूनपासून मी पंपावरच फोटो काढतो, गाडीच्या नंबरसकट. वर्षअखेरीस बिलं कमी पडली तर उरलेली रक्कम मार्चच्या पगारात करपात्र म्हणून येते.

पहिल्या रचनेत हातात 98,703 येणार होते, आता 1,01,514 येतात, एनपीएसचे हजार वेगळे. हे सगळे आकडे 2025-26 या वर्षाच्या नियमांचे आहेत.

गाडी माझ्या नावावर झाल्यापासून बाबा मात्र रोज किल्ली उचलताना विचारतात, "तुही गाडी वावरात नेऊ का, का तेचंही बिल लागते?"