‘गोळ्या दाखवा’ म्हटलं की बाटली दिसत नाही

सिंधुदुर्गातल्या एका किनारपट्टीच्या रुग्णालयात मेडिकल वॉर्डात काम करते. गेल्या महिन्यात एका ७६ वर्षांच्या आजींचं पोटॅशियम तीन दिवस खाली येईना. उपचार बरोबर होते, तरीही आकडा चिकटून बसला होता. ते तीन दिवस नेमके कुठे वाया गेले, ते सांगते.

आजींना मधुमेह, रक्तदाब आणि जुनं हृदयाचं दुखणं. पायातली शक्ती गेली म्हणून सोमवारी दाखल केलं. पोटॅशियम ६.२, सोडियम १३२, क्रिएटिनिन १.७. ईसीजीत टी लाटा उंच आणि टोकदार दिसत होत्या, त्यामुळे डॉक्टरांनी आधी कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं, मग डेक्स्ट्रोजबरोबर इन्सुलिन. पोटॅशियम चढवणारी टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन ही औषधं लगेच बंद केली. हे सगळं तासाभरात झालं, कुठे अडलं नाही.

पावणेअकराला आकडा ५.४ आला आणि सगळ्यांनी सुस्कारा सोडला. संध्याकाळी सहाला ५.९. इथे एक गोष्ट समजून घ्या. इन्सुलिन पोटॅशियम शरीराबाहेर काढत नाही, पेशींच्या आत ढकलतं, तेही चार-सहा तासांपुरतं. परिणाम ओसरला की ते पुन्हा रक्तात येतं. म्हणून संध्याकाळचा ५.९ अपेक्षितच होता. पण मंगळवारी सकाळी ५.८, बुधवारी पुन्हा ५.९? स्पायरोनोलॅक्टोनचा परिणाम बंद केल्यावरही दोन-तीन दिवस रेंगाळतो हे खरं, पण पोटॅशियम बांधणारी पावडर चालू होती आणि २४ तासांत ९०० मिली लघवी होत होती. आकडा थोडा तरी उतरायला हवा होता. उतरत नाही म्हणजे कुठून तरी आत येतंय.

पहिला संशय शहाळ्यावर, आणि तो खोटा नव्हता. आमच्याकडे माणूस दाखल झाला की भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊनच येतो. खाटेखाली चार शहाळी होती आणि चार्टवर मात्र ‘पाणी ६०० मिली’ एवढंच. आम्ही विचारलं होतं, “पाणी किती प्यायल्या?” त्याचं उत्तर नातीने प्रामाणिकपणे दिलं होतं. शहाळं, पेज, चहा, सार हे तिच्या हिशोबात पाणी नव्हतंच. शहाळ्याच्या १०० मिलीत साधारण २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. दिवसाला दोन शहाळी, म्हणजे सहाशे मिली, धरली तर दीड ग्रॅम, साधारण ३८ मिलीमोल. मंगळवारी दुपारी शहाळी बंद केली. तेव्हापासून मी ‘पाणी’ हा शब्दच वापरत नाही. “उठल्यापासून आत्तापर्यंत काय काय प्यायलात, भांडं दाखवा,” असं म्हणते. ते भांडं एकदा मापाच्या जगमध्ये ओतून बघायचं. आजींचा पेला १८० मिलीचा निघाला, आम्ही २५० धरत होतो.

शहाळी बंद करूनही बुधवारी ५.९. आता खरी चिडचिड सुरू झाली.

औषधांची यादी मी स्वतः दोनदा घेतली होती. “कुठल्या गोळ्या घेतात? सगळ्या दाखवा.” आजींजवळ असलेल्या वहिनींनी प्लास्टिकची पिशवी उपडी केली. “सगळ्यो गोळ्यो हयच आसत, सिस्टर.” खोटं एक अक्षर नव्हतं. बुधवारी साडेदहाला आजींचं तोंड पुसताना वहिनींनी टेबलाच्या खणातून बाटली काढली आणि टोपणाने मापून द्यायला लागल्या. मी थांबवलं. वहिनी म्हणाल्या, “ता औषध नाय, ताकदीचा टॉनिक आसा.”

लेबल फिरवून बघितलं, पोटॅशियम क्लोराइड. १५ मिलीत २० मिलीमोल. दिवसातून दोनदा १५ मिली, म्हणजे रोज ४० मिलीमोल. आमची पावडर एका बाजूने काढत होती आणि खणातली बाटली दुसऱ्या बाजूने भरत होती.

घरून जुनं डिस्चार्ज कार्ड मागवलं तेव्हा उलगडा झाला. चार महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका रुग्णालयात पायाची सूज उतरवायला फ्युरोसेमाइड दिलं होतं. त्याने लघवीवाटे पोटॅशियम जातं, म्हणून जोडीला हे सिरप. सूज उतरल्यावर गावातल्या डॉक्टरांनी फ्युरोसेमाइड थांबवलं. सिरपची त्यांना कल्पनाच नव्हती, कारण त्यांनीही गोळ्याच बघितल्या असणार. कार्डावर ‘सिरप चालू ठेवणे’ एवढंच. किती दिवस, कशासाठी, पुन्हा रक्त कधी तपासायचं, काही नाही. हा राग माझा अजून गेलेला नाही.

आपल्याकडे गोळी म्हणजे औषध. सिरप म्हणजे टॉनिक, पुडी म्हणजे चूर्ण, आणि गुडघ्याला घेतलेली दुकानातली वेदनाशामक गोळी म्हणजे ‘ती कधीतरीची’. ती कधीतरीचीही मूत्रपिंडाला त्रास देऊन पोटॅशियम चढवते. म्हणून आता प्रश्न वेगवेगळे विचारते: बाटलीतलं काय? पुडीतलं काय? दुखलं तर काय? लघवीला जळजळलं तर काय? जळजळीच्या काही सिरपांत पोटॅशियम सायट्रेट असतं, काहींत सोडियमचं मीठ, म्हणून लेबल वाचल्याशिवाय सोडायचं नाही. शेवटचा प्रश्न स्वयंपाकघरातला: मीठ कुठलं? ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं असतं.

नोंदीचं एक राहिलं. लॅबच्या कागदावर वेळ छापते ती रिपोर्टची, नमुना घेतल्याची नव्हे. सोमवारचा ६.२ सकाळी ७:१० चा, इन्सुलिन साडेआठला, पण कागदावर ११:४०. दुपारच्या ड्यूटीवर कुणी नुसता कागद वाचला तर वाटेल, इन्सुलिन देऊनही आकडा ६.२ आहे. आम्ही एक साधा तक्ता केला: नमुन्याची वेळ, पोटॅशियम, सोडियम, क्रिएटिनिन, मागच्या नमुन्यानंतर काय दिलं आणि काय बंद केलं. नमुन्यात रक्तपेशी फुटल्याचा शेरा असेल तर आकडा कंसात लिहायचा आणि पुन्हा रक्त पाठवायचं. दंडाची पट्टी घट्ट आवळून, मूठ उघडझाप करून घेतलेल्या रक्तातही पोटॅशियम खोटं चढतं.

सोडियमचं गणित वेगळं. आजींचं १३२ होतं, त्याला हात लावायची गरज पडली नाही. पण १२० च्या आसपासचे म्हातारे येतात तेव्हा नातेवाईक मिठाची पेज पाजायला लागतात. तिथे आधी क्लोरथॅलिडोनसारखी लघवीची गोळी चालू आहे का आणि साधं पाणी किती जातंय ते बघायचं. शहाळ्यात सोडियम कमीच, त्याने ते भरून निघत नाही. आणि २४ तासांत सोडियम आठ-दहा अंकांपेक्षा जास्त चढू द्यायचं नाही, मेंदूला इजा होते. म्हणून तिथेही नमुन्याची वेळच महत्त्वाची.

जेवणात आजींना पेज, भात, तांदळाची भाकरी चालू ठेवली. कुळथाची पिठी, सोलकढी, केळी, बटाटा काही दिवस बंद. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकडून पाणी ओतून द्यायचं. बद्धकोष्ठही सोडवलं, कारण पोटॅशियम थोडं शौचावाटेही जातं आणि ती पावडर पोट आणखी बांधते.

गुरुवारी ५.३, शुक्रवारी ४.८. कार्डावर डॉक्टरांनी लिहिलं: ‘पोटॅशियम सिरप कायमचं बंद, तीन दिवसांनी रक्त तपासणे.’ मी ते वहिनींना दोनदा वाचून दाखवलं. निघताना त्यांनी पिशवीतून बाटली वर काढली. “अर्धी उरली हा, ती काय करू?”

“इथेच द्या,” म्हटलं.