रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल, पण दूध पचेना

ग्लासभर दूध प्यायलं की तासा-दोन तासांत पोट फुगायचं, गुडगुड व्हायची आणि मग जुलाब. कपभर चहाने मात्र काही होत नसे. डॉक्टरांनी दूध सोसतं का याची तपासणी करायला सांगितली आणि इथूनच माझा वैताग सुरू झाला.

नागपुरातल्या एका लॅबमध्ये काउंटरवरच्या मुलीने सरळ ॲलर्जीच्या रक्ततपासणीची पावती फाडली. "दुधाची हीच टेस्ट असते, मॅडम." रिपोर्ट नॉर्मल आला. "काही नाही तुम्हाला, बिनधास्त दूध प्या," असं ऐकवून पाठवलं. पैसे गेले, त्रास तसाच. या गोष्टीचा राग मला अजून आहे, कारण त्या तपासणीत माझं दुखणं दिसणं शक्यच नव्हतं. ॲलर्जीत शरीराची प्रतिकारशक्ती दुधातल्या प्रथिनांवर उलटते. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, धाप लागते, आणि त्याला घोटभर दूधही पुरतं. रक्तात त्याचीच प्रतिपिंडं शोधतात. माझा प्रश्न दुधातल्या साखरेचा, लॅक्टोजचा. ती फोडणारं लॅक्टेज हे विकर लहान आतड्यात वयानुसार कमी होतं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि वायू धरतो. म्हणूनच चहातलं थोडं दूध निभतं, ग्लासभर नाही.

पोटविकारतज्ज्ञांनी श्वासाची हायड्रोजन तपासणी सांगितली. जिवाणूंनी केलेल्या वायूतला हायड्रोजन श्वासातही उतरतो, तोच यात मोजतात. उपाशीपोटी 25 ग्रॅम लॅक्टोज पाण्यातून प्यायचं आणि दर अर्ध्या तासाने नळीत फुंकायचं, तीन तास. हायड्रोजन सुरुवातीपेक्षा 20 पीपीएमने वाढला की निदान पक्कं. माझा त्याहून बराच वर गेला, आणि आकडा बघून मला हायसं वाटलं. आदल्या रात्री साधा भातच खा. आधीच्या चार आठवड्यांत अँटिबायोटिक घेतलं असेल तर तपासणी पुढे ढकला, नाहीतर निकाल चुकतो.

दही मला चालतं. विरजणातले जिवाणू थोडं लॅक्टोज आधीच खातात आणि उरलेलं पोटात गेल्यावर फोडायला मदत करतात. कढी उकळली की ते मरतात, त्यामुळे तो फायदा जातो. म्हणून मी दही जेवणासोबत वाटीभर, न तापवता घेते.

लॅक्टोज फोडणाऱ्या गोळीसाठी केमिस्टकडे गेलात तर पाकिटावर 'लॅक्टेज' वाचूनच घ्या. मला एकाने जुलाबावरचं लॅक्टिक ॲसिड बॅसिलस दिलं, दुसऱ्याने तान्ह्या बाळांचे थेंब. गोळी पहिल्या घासासोबतच घ्यायची. लग्नाच्या पंगतीत आधी बासुंदी आणि नंतर संत्रा बर्फी असा बेत लांबला, तर पाऊण तासाने दुसरी लागते.

आणि हो, ज्यांना गांधी उठतात किंवा घसा आवळतो, त्यांनी यातलं काहीच करू नये. दह्यात आणि लॅक्टोज-फ्री दुधात तीच प्रथिनं असतात, गोळी त्यांना हात लावत नाही.