साइटवर उन्हाची नोटीस लावताना

मी पूर्व उपनगरातल्या एका टॉवरच्या साइटवर सेफ्टीचं काम बघतो. शिमगा झाला की ऑफिसातून फर्मान येतं, उन्हाळ्याची नोटीस लावा. सोबत तयार मजकूरही येतो: भरपूर पाणी प्या, दुपारी उन्हात जाऊ नका, घाम येणं बंद झालं तर उष्माघात समजा. दुपारच्या ओळीवर सळईवाल्यांचा मुकादम हसला. म्हणाला, "साहेब, मग स्लॅब काय हापिसात बांधायचा?"

मला खटकली ती घामाची ओळ. घरात पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसाला उष्माघात होतो तेव्हा बहुतेक वेळा कातडी कोरडी पडलेली असते. अंगमेहनत करणारा मात्र घामाने निथळत असतानाच कोसळू शकतो. त्यात ही मुंबई. पारा विदर्भाइतका चढत नाही, पण दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळत राहतो. आणि अंग थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. म्हणून इथे घाम थांबायची वाट बघायची नाही, माणसाच्या वागण्याकडे बघायचं.

हे आम्ही आमच्याच साइटवर पाहिलंय. नांदेडकडचा एक पोरगा गावाहून परतून दोन-तीन दिवसच झाले होते. सकाळपासून डोकं दुखतंय म्हणत होता, जेवणही टाकलं. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, पोटरीत गोळे ही पहिली पायरी. तेव्हाच सावलीत बसवून पाणी पाजलं असतं, तर बहुधा तिथेच निभावलं असतं. पण तो परत स्लॅबवर चढला. दुपारी मुकादमाच्या लक्षात आलं की हा हूक फिरवून एकाच जोडावर पुन्हापुन्हा तार गुंडाळतोय. "कितवा मजला रे हा?" असं विचारलं तर भलतंच काहीतरी बरळला. अंगावरचा शर्ट ओलाचिंब होता.

भर उन्हात काम करणारा माणूस बरळला, झोकांड्या खायला लागला, उगाच अंगावर धावून आला, तर तो उष्माघातच धरायचा. एकाने १०८ ला फोन लावला, पण गाडीची वाट बघत आम्ही थांबलो नाही. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये ती कधी पोचेल याचा भरवसा नाही, आणि मेंदू, मूत्रपिंड, यकृत यांचं नुकसान अंग किती वेळ तापलेलं राहिलं यावर ठरतं. त्याला खालच्या मजल्यावर सावलीत आडवा केला. हार्नेस, हेल्मेट, बूट, शर्ट उतरवले. क्युरिंगचा पाइप लावला, पण उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी चटका बसेल इतकं गरम होतं. ते वाहून जाऊ दिलं आणि मग डोक्यापासून पायापर्यंत धार धरली. समोर पंखा लावला. कँटीनमधला बर्फ गमछात बांधून मानेला, काखेत आणि जांघेत ठेवला. कुणीतरी तोंडात पाणी ओतायला निघाला, त्याला अडवलं, कारण शुद्धीवर नसलेल्याच्या फुप्फुसात पाणी जाऊ शकतं. तापाची गोळीही दिली नाही. हा जंतूंमुळे आलेला ताप नव्हे, तिथे ती गोळी चालत नाही. गाडी आली तेव्हा पोरगा स्वतःचं नाव नीट सांगत होता. तरी हॉस्पिटलात पाठवलाच, कारण आतलं नुकसान रक्त तपासल्यावरच कळतं.

हे सगळं नोटिशीत उतरवणं सोपं गेलं. घोडं अडलं ते मालक-ठेकेदारांच्या ओळींवर. उन्हाच्या कामावर माणसं दगावतात ती जास्त करून पहिल्या काही दिवसांत, अंगाला सवय होण्याआधी. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम एक पंचमांशच द्यायचं आणि रोज तेवढंच वाढवायचं. गावी आठवडाभर राहून आलेल्यालाही असंच हळूहळू चढवायचं. ठेकेदार म्हणाला, "माझा ठेका टनावर आहे. बाकी वेळ काय फुकट हजेरी देऊ?" मार्ग मुकादमाने काढला. असा माणूस उरलेला वेळ खाली शेडमध्ये सळई कापायला, वाकवायला बसेल आणि हजेरी पूर्ण लागेल. स्लॅबवरचं काम आता सकाळी लवकर आणि चारनंतर चालतं.

पाण्याचं गणित दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला असं आहे, तहान लागो न लागो. पण तासाला दीड लिटरच्या वर नको. खूप घाम गाळणाऱ्यांसाठी ओआरएस, एक लिटरच्या पुड्याला बरोबर एक लिटर पाणी. पिंप तळमजल्यावर होतं, ते कामाच्या मजल्यावर चढवून घेतलं. पेला भरायला चौदा मजले कोण उतरणार?

तरीही बिगारी बायका पाणी कमीच पितात. कारण विचारलं तर एक मावशी म्हणाल्या, "संडास खाली हाय दादा. सारखं उतरलं तर मुकादम बोलतो." मधल्या मजल्यावर बायकांसाठी संडास हवा, असं नोटिशीच्या मालकांच्या भागात मी लिहिलं होतं. ऑफिसने बाकी सगळं मंजूर केलं आणि तेवढी ओळ खोडून परत पाठवली. आता ती मागणी मी वेगळ्या पत्राने केली आहे, खाली मुकादमाचीही सही घेऊन.