एका बेरजेत हरवलेली नऊशे बारा कथानके

कथाप्रधान संगणक-खेळांची तर्कबाजू तपासणे हे माझे काम आहे. खेळाडूने घेतलेला निर्णय खेळाच्या स्मृतीत कोठे नोंदला जातो, ती नोंद पुढे कोण वाचते आणि शेवटापर्यंत तिचे काय होते, हे मी पाहते. महापे येथील एका लहान चमूने मला बोलावले होते. त्यांचा खेळ खाडीकाठच्या कोळीवाड्यात घडतो. वडिलांच्या माघारी होडी विकायची की राखायची हा प्रश्न कमळ नावाच्या नायिकेपुढे आहे, आणि त्या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला तिचे काका उभे आहेत. संवाद रायगड किनाऱ्यावरच्या बोलीच्या वळणाने उत्तम लिहिलेले होते. खेळ चाचणीसाठी तयार होता आणि त्या दिवशी काही तरुण खेळाडूंना कार्यालयात बोलावले होते.

त्यांत ऐरोलीचे एक बहीण-भाऊ होते. ते शेजारी शेजारी, पण एकमेकांच्या पडद्याकडे न पाहता खेळले. बहिणीने काकांच्या हिशेबाची वही सापडताच त्यांना परत केली आणि वहीतील चूक तोंडावर सांगितली. भावाने वही लपवली, आणि मधल्या एका प्रसंगात काकांना न विचारता होडीच्या विक्रीपत्रावर गुपचूप सही केली. शेवटी दोघांच्याही पडद्यावर तोच प्रसंग आला: काका धक्क्यावर येतात, थोडे अवघडून बोलतात आणि आपल्या वाटेने जातात. भावाने माझ्याकडे वळून विचारले, "मॅडम, मी सही केली होती ना? मग काका माझ्याशी बोलतात कसे?" त्याची बहीण लगेच म्हणाली, "आणि मी तर सगळं खरं सांगितलं. तरी मलाही तेच!"

अशा तक्रारीला हाती असलेले उत्तर असे की शाखायुक्त कथांचे शेवट एकत्र येणारच, कारण लिहिणाऱ्यांची संख्या मोजकी असते. हे उत्तर खरे आहे. दहा ठिकाणी दोन-दोन पर्याय दिले आणि कोणतीही वाट दुसरीला मिळू दिली नाही, तर शेवट 1024 होतात आणि एकूण प्रसंग 2047 लिहावे लागतात. प्रत्येक प्रसंग दीडशे शब्दांचा धरला तरी लेखन तीन लाख शब्दांच्या वर जाते, आणि एक खेळाडू त्यांतले अकरा प्रसंग, म्हणजे साडेसोळाशे शब्द वाचून उठतो. म्हणून वाटा थोडा वेळ फुटतात आणि एखाद्या अटळ प्रसंगाशी पुन्हा मिळतात. सॅम काबो ॲशवेल यांनी 2015 मध्ये अशा खेळांच्या रचनांचे वर्गीकरण केले, तेव्हा कधीच न मिळणाऱ्या रचनेला 'टाइम केव्ह' आणि मिळत राहणाऱ्या रचनेला 'ब्रँच अँड बॉटलनेक' ही नावे दिली. दुसऱ्या रचनेत प्रसंग पुन्हा एक होतात, पण खेळाडू काय करून आला हे व्हेरिएबलमध्ये, म्हणजे खेळाने नाव देऊन जपलेल्या नोंदीत, टिकते, आणि त्या टिकण्यावरच ती रचना उभी असते. वाट एकत्र आली म्हणून स्मृतीही एकत्र आली पाहिजे असे मुळीच नाही.

त्यामुळे त्या दोघांची तक्रार लेखनाच्या मर्यादेवर ढकलणे मला पटले नाही. भावाने केलेली सही खेळाने नोंदली होती का, हे आधी पाहायचे होते. हा खेळ इंक या पटकथा-भाषेत लिहिलेला होता. त्या भाषेत लेखक स्वतः व्हेरिएबल ठेवू शकतो, आणि एखाद्या प्रसंगाचे नाव अटीत लिहिले की तेथे खेळाडू किती वेळा येऊन गेला हेही कळते. म्हणजे सहीचा प्रसंग घडला की नाही हे विचारणे एका शब्दाचे काम होते. शेवट ठरवणारा भाग मात्र असा होता:

```
{
- vishwas >= 6: -> samet
- vishwas <= -6: -> vair
- else: -> durava
}
```

दहाही निर्णय `vishwas` या एकाच आकड्यात जमा होत होते: काकांना आवडेल असे केले तर एक मिळवायचा, न आवडेल असे केले तर एक वजा करायचा. सहा किंवा अधिक झाले तर समेट, उणे सहा किंवा त्याखाली गेले तर वैर, आणि उरलेल्या सर्वांसाठी दुरावा. संहितेचे काम पाहणाऱ्या तरुणाने मला सांगितले, "टोकाचे शेवट सहज मिळू नयेत म्हणून सहा ठेवले, मॅडम. ते कमावल्यासारखे वाटले पाहिजेत." हेतूत काही वावगे नव्हते. त्या सहाने काय केले हे कोणी मोजलेले नव्हते, एवढेच.

वाटा प्रत्येक निर्णयानंतर पुन्हा मिळत असल्याने सर्व 1024 क्रम संगणकाकडून खेळवून घेणे अगदी सोपे होते, आणि हे गणित कागदावरही सुटते. दहांपैकी `p` निर्णय काकांच्या बाजूचे असतील तर बेरीज `2p - 10` येते. ती सहा व्हायला किमान आठ निर्णय एकाच बाजूचे लागतात. दहांतून आठ निवडण्याचे 45 मार्ग, नऊ निवडण्याचे 10 आणि सगळे दहा निवडण्याचा 1, असे मिळून 56. वैराच्या बाजूलाही तेवढेच, म्हणजे 56. उरलेले 912 क्रम, शेकडा 89, दुराव्यात जातात. पडद्यावर तीन शेवट होते, पण व्यवहारात एकच शेवट होता.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. खेळाडू नाणे उडवून पर्याय निवडत नाही. तो स्वभाव धरून खेळतो आणि बहुतेक जण सौजन्याकडे झुकतात. त्यामुळे खऱ्या नोंदींत समेटाचा वाटा 56 क्रमांच्या प्रमाणापेक्षा वाढतो आणि वैराचा आणखी घटतो. पण लहान लहान अधिक-वजांची बेरीज मध्याकडे ओढली जाते, आणि मध्य हाच `else` चा प्रदेश असतो. निर्णयांची संख्या वाढवली तर अंगावर येणारी गोष्ट अशी की सहा आणि उणे सहा हे उंबरठे तेच ठेवले असता टोके थोडी रुंदावतात, पण उंबरठे निर्णयांच्या प्रमाणात वाढवले, जसे लेखक सहसा करतात, तर मध्य अधिकच गच्च होतो. खेळ जितका लांब, तितके शेवट अधिक मुकाट्याने एक होतात.

मग आम्ही त्या दोघांच्या नोंदी उघडल्या. बहिणीचे सात निर्णय अधिक आणि तीन वजा होते, बेरीज अधिक चार. वजा झालेल्या तिन्हींत तिने काकांना अप्रिय पण खरे सांगितले होते. भावाचे चार अधिक आणि सहा वजा, बेरीज उणे दोन. त्याच्या चार अधिकांत काकांना चहा करून देणे आणि जाळे विणायला मदत करणे होते. म्हणजे चहाच्या एका पेल्याने गुपचूप केलेल्या सहीची नोंद पूर्ण फेडली जात होती, कारण दोन्हींचे वजन एकच होते. वजने वाढवून हा दोष जात नाही. सहीला उणे चार दिले तरी चार चहांनी ती पुसली जाईल. आकडा किती जवळीक उरली ते सांगतो. काय घडले ते सांगत नाही, आणि कोणत्या क्रमाने घडले ते तर मुळीच नाही. नात्याची सर्वसाधारण ऊब दाखवायला तो योग्य आहे, उदाहरणार्थ काका 'कमळ' म्हणतात की 'पोरी' हे ठरवायला. विश्वासघातासाठी फ्लॅगच लागतो, म्हणजे घडले की नाही एवढेच सांगणारी खूण, जी एकदा उभी राहिली की कोणत्याही बेरजेने खाली येत नाही.

मोठ्या चमूंनाही ही बेरीज टळलेली नाही. 'मास इफेक्ट 3' या 2012 च्या खेळात मागील दोन खेळांपासून चालत आलेले असंख्य निर्णय सैन्यबळाच्या एका आकड्यात मिळवले गेले होते. तो आकडा शेवटी कोणते पर्याय खुले होतील हे ठरवी, आणि त्यांतली निवड अखेरच्या प्रसंगातच होई. शेवट एकमेकांसारखे आहेत अशी खेळाडूंची तक्रार इतकी तीव्र झाली की त्याच वर्षी जूनमध्ये शेवटाची विस्तारित आवृत्ती विनामूल्य द्यावी लागली. त्या आवृत्तीने नवे फाटे फारसे फोडले नाहीत; आपण केलेल्या गोष्टींचे पुढे काय झाले, हे अधिक दाखवले. माझ्या मते खेळाडूचे मूळ मागणे तेच होते.

महाप्यातील चमूजवळ नवीन शेवट लिहायला वेळ नव्हता, आणि मी तो मागितलाही नाही. धक्क्यावरचा एकच प्रसंग ठेवून त्यात तीन फ्लॅग वाचायचे असे आम्ही ठरवले: सही झाली का, वही परत गेली का, आणि खरे सांगितले का. प्रत्येकासाठी दोन छोटे उतारे, म्हणजे लिहायचे सहा. त्यांतून शेवटाची आठ रूपे तयार होतात. लेखन बेरजेने वाढते, रूपे गुणाकाराने. पहिला उतारा तेथेच लिहिला गेला:

```
{ gupt_sahi:
    काका धक्क्यावर आलेच नाहीत.
- else:
    काका होडीच्या नाळेपाशी उभे होते.
}
```

या पद्धतीची अडचणही लगेच समोर आली. काका आलेच नाहीत असे पहिला उतारा सांगतो, आणि वही परत केल्याचा उतारा काकांना बोलते करतो. दोन्ही फ्लॅग उभे असतील तर पडद्यावर अनुपस्थित माणूस बोलू लागतो. तुकडे स्वतंत्रपणे लिहिले की हा विरोध हमखास येतो, म्हणून कोणता फ्लॅग कोणावर मात करतो याचा क्रम आधी लिहून ठेवावा लागतो. येथे सही सर्वांत वर ठेवली, आणि ती असेल तेव्हा वहीचा उतारा काकांच्या तोंडून न येता त्यांनी मागे ठेवलेल्या चिठ्ठीतून यावा, असे लेखिकेने सुचवले. त्यासाठी तिला आणखी एक उतारा लिहावा लागला. तो तिने जेवणाच्या सुट्टीत लिहून आणला, आणि सहांपेक्षा तोच मला अधिक आवडला.

एका गोष्टीवर मात्र आमचे एकमत झाले नाही. चाचणीच्या आवृत्तीत `else` ने कथेचा शेवट दाखवू नये, तर सर्व व्हेरिएबलांची यादी छापून थांबावे, म्हणजे कोणते खेळाडू कोणत्याही अटीत न बसता तेथे येऊन पडतात हे दिसेल, असा माझा आग्रह होता. चमूचे म्हणणे असे की त्याने चाचणीला आलेल्या माणसाचा रसभंग होईल. अखेर शेवट दाखवायचा आणि यादी मागे एका फाइलीत लिहायची असे ठरले. ती फाइल कोणी रोज उघडेल का, याबद्दल मी अजूनही साशंक आहे, आणि पुढच्या भेटीत सर्वांत आधी तीच पाहणार आहे.